घडीवर तुटणारी ओळ

जुन्या ट्रंकेत सापडलेल्या पत्रावर कविता लिहायला बसलं की पहिला मोह पत्रातला मजकूर कवितेत उतरवण्याचा होतो. कोणी कोणाला काय कळवलं, पैसे किती धाडले, कोण आजारी होतं. पण हे सगळं पत्राने आधीच नीट सांगितलेलं असतं आणि कवितेत ते दुसऱ्यांदा सांगितलं की फिकं पडतं. मला वाटतं, कवितेच्या उपयोगाचं जे असतं ते कागदाकडे असतं. पत्र पोचल्यानंतर त्याचं काय झालं, ते कुठे राहिलं, किती वेळा उघडलं गेलं, हे लिहिणाऱ्याला कधीच कळलेलं नसतं. ते कागदालाच ठाऊक असतं, म्हणून कवितेआधी कागद वाचायला हवा.

उदाहरण म्हणून आमच्या घरातलं एक पत्र घेतो. गिरणीत काम करणाऱ्या आजोबांनी लालबागहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरी धाडलेलं हे निळं आंतरदेशीय पत्र. तारखेच्या शिक्क्यातलं वर्ष पुसलेलं आहे, पण पत्त्याखाली पिनकोडचे सहा चौकोन छापलेले आहेत. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे पत्र त्यानंतरचं. चौकोन सहाही रिकामे. ज्याला गावचा पोस्टमन नावाने ओळखतो, त्याला आकड्यांची गरज वाटली नसावी.

पत्र लिहिलंय पणजोबांना. तेव्हा कोकणातल्या पुष्कळ घरांमधून मुंबईचा चाकरमानी पत्र वडिलांच्या नावे लिही. ते पोचलं की शाळेत जाणारं एखादं पोर ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवी आणि अख्खं घर ऐके. बायकोला उद्देशून काही लिहायची सोयच नव्हती. या पत्रातही आजीच्या वाट्याला एकच वाक्य आलंय, आणि तेही मुख्य कागदावर नाही. जागा संपल्यावर डिंकाच्या पट्टीलगत, बारीक अक्षरात: ‘सौ.ला आशीर्वाद.’

आणि तरीही पत्र सापडलं ते आजीच्या ट्रंकेत, तिच्या पान-सुपारीच्या बटव्यात. माझ्या लेखी कविता इथे सुरू होते. दुसऱ्याच्या नावाचं पत्र तिने आपल्याजवळ ठेवलं. ते का, हे सांगणारी एकही ओळ पत्रात नाही. मग कागद काय सांगतो ते पाहू.

आंतरदेशीय पत्राला छापतानाच दोन आडव्या घड्या ठरलेल्या असतात. तीन भाग होतात, कडा चिकटवायच्या, झालं. या पत्राला मात्र तिसरीही घडी आहे, वरून खाली जाणारी उभी. टपालखात्याला तिची गरज नव्हती आणि लिहिणाऱ्यालाही नव्हती. पत्र बटव्यात मावावं म्हणून ती घातली गेली. ही घडी आजीची. कोपऱ्यावर काताचा तपकिरी डाग आहे, तो याच कहाणीतला.

दोन्ही घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे कागदाला भोक पडलंय. घडी उघडझाप करून कागदाचे तंतू मोडतात, आणि दोन घड्या जिथे मिळतात तिथे ते आधी मोडतात. न उघडता नुसत्या ठेवून दिलेल्या पत्राची घडी कडक राहते, धार धरते. वारंवार उघडलेल्या पत्राची घडी मऊ पडते, कापडासारखी. बोट फिरवलं की फरक कळतो. ही घडी मऊ आहे.

वरच्या कडेला टाचणीची दोन छिद्रं आहेत आणि त्यांच्यामध्ये गंजाची रेघ. आंतरदेशीय पत्रात काही घालायला मनाई असे, तशी सूचनाच त्यावर छापलेली असते. म्हणजे टाचणी नंतर घरी लागली. काय लावलं होतं ते आता नाही. मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा तुकडा, ज्याला कुपन म्हणत, तो पैसे घेणाऱ्याकडे राही आणि त्यावर चार ओळींचा निरोप लिहिता येई. ते असू शकतं. पण कागद फक्त टाचणीपुरती साक्ष देतो, म्हणून कवितेत टाचणी येईल, कुपन येणार नाही.

आता डाग. मधल्या भागात शाई फुटून निळा ढग झालाय. पहिल्या खर्ड्यात बहुतेकांच्या हातून इथे आसू येतात. मी कार्यशाळांमध्ये अशा कविता ऐकल्या आहेत आणि पिवळा कागद, थरथरतं अक्षर, अश्रूंचा डाग हे त्रिकूट त्यांना हटकून भेटतं. डाग कसला हे तपासता येतं. पत्र उघडं असताना थेंब पडला तर डाग एकाच भागावर राहतो. घडीत असताना पाणी लागलं तर ते समोरच्या भागालाही लागतं आणि घडीच्या दोन्ही बाजूंना एकाच आकाराचे डाग उमटतात. या पत्रावर डाग जोडीने आहेत. म्हणजे ओल मिटलेल्या पत्राला लागली. आणि मजकूर काय, तर पावसाआधी कौलं परतून घ्या. असा योग कवीला जुळवून आणता आला नसता. त्यावर आणखी आसू ओतणं म्हणजे हाती आलेलं घालवणं.

इतकं वाचून झाल्यावर कविता बांधायला घ्यायची. ओळ कुठे तोडायची हा मुक्तछंदातला सगळ्यात अवघड प्रश्न, आणि इथे त्याचं उत्तर कागदावरच आहे. आजीची उभी घडी पत्रातली प्रत्येक ओळ मधोमध कापते. मधल्या तीन ओळी पाहा. घडी जिथे आहे तिथे मी रेघ ओढलीय:

बाबा आपण प्रकृतीस | जपावें. पैसे धाडले
आहेत ते कौलांसाठीं | ठेवावे. पाऊस जवळ
आला. गणपतीला ये( ) | रजेचें पाहतो.

कंसाच्या जागी भोक आहे. आता पत्र उभ्या घडीवर मिटून फक्त उजवी बाजू वाचा:

जपावें. पैसे धाडले
ठेवावे. पाऊस जवळ
रजेचें पाहतो.

डावीकडे बाबा राहिले, कौलं राहिली, घराचा कारभार राहिला. उजवीकडे जे उरलं त्यात कोणाचंच नाव नाही. आजोबांनी हे आजीसाठी लपवून लिहिलं, असा दावा मी करत नाही. आजीला वाचता येत नव्हतं. पण तिने केलेल्या घडीने मजकुराचे दोन भाग केले आणि त्यातला एक तिच्याशी बोलतो. कवितेचा मधला तुकडा मी हाच ठेवला, माझा एकही शब्द न मिसळता.

यात मोह आवरावा लागतो. एकदा ही युक्ती साधली की अख्खं पत्र असं कापून पाहावंसं वाटतं. पण बाकीच्या ओळींच्या अर्ध्या भागांत नमस्कार आणि नावं यांचे तुकडेच उरतात. ओढूनताणून ते कवितेत आणले असते तर वाचणाऱ्याला कोडं सोडवल्यासारखं झालं असतं आणि चांगल्या तीन ओळीही त्यात बुडाल्या असत्या.

भोकाचंही तसंच. ‘गणपतीला ये’ याच्यापुढे येतो असेल, येईन असेल किंवा येणें कठीण असेल. पुढचं रजेचं वाक्य पाहता कशाचीच खात्री देता येत नाही. कवीचा हात इथे शिवशिवतो, एखादं क्रियापद भरावंसं वाटतं. ते भरलं तर कवितेतून कागद निघून जातो आणि उरते ती आपली इच्छा. छापताना तिथे टिंबंही देऊ नयेत, कारण टिंबं म्हणजे कोणीतरी मुद्दाम थांबलंय असा अर्थ होतो. नुसती कोरी जागा सोडावी आणि पुढे मजकूर चालू ठेवावा.

शुद्धलेखन बदलू नये हेही सांगायला हवं. १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, पण जुन्या शाळेत घोटलेला हात ते देतच राहिला. ‘जपावें’, ‘रजेचें’ यांवरची टिंबं तशीच ठेवली की पत्रातलं काय आणि कवीचं काय, हे अवतरणचिन्हांशिवाय कळतं. माझ्या ओळी आजच्या लेखनात, आजोबांच्या त्यांच्या.

त्या माझ्या ओळी मी मोजक्याच ठेवल्या, आणि त्या फक्त कागदाविषयी आहेत:

आडव्या दोन घड्या टपालखात्याच्या.
उभी एक, बटव्याच्या मापाची.
दोन्ही जिथे भेटल्या
तिथे क्रियापद गेलं.

टाचणीला पत्र कोणाच्या नावचं
ते ठाऊक नव्हतं.
तिने धरलं
आणि ती गंजली.

या ओळींत आजी हा शब्द नाही, आठवण हा शब्द नाही. पहिल्या खर्ड्यात ‘जपून ठेवलेलं’ असं एक विशेषण होतं, ते मी काढलं. बटवा, मऊ घडी आणि टाचणी आल्यावर ते वेगळं सांगायला लागत नाही.

कागदाच्या आकाराला ओळ वळवणं हे काही नवं नाही. अमेरिकेतल्या अॅमहर्स्टच्या एमिली डिकिन्सनने आयुष्याच्या उत्तरार्धात वापरलेल्या पाकिटांच्या उलगडलेल्या तुकड्यांवर कविता लिहिल्या. २०१३ मध्ये त्या मूळ कागदांच्या प्रतिमांसह पुस्तकरूपाने आल्या, तेव्हा ओळी कागदाच्या कडेला कशा वळतात ते सर्वांना पाहता आलं. तिचा कागद कोरा हाती आला होता. आपल्याकडचा आधीच कोणीतरी लिहिलेला आणि आणखी कोणीतरी घडी घातलेला असतो, म्हणून आपलं स्वातंत्र्य कमी आणि जबाबदारी जास्त.

शेवटी आशीर्वाद कुठे ठेवायचा हा प्रश्न होता. पत्रात तो डिंकाच्या पट्टीवर, अगदी कडेला आहे. कवितेतही मी त्याला शेवटी, उजव्या कडेला, एकेका शब्दाची ओळ करून ठेवलं. पत्र फाडून उघडताना पट्टीचा थोडा भाग गेलाय, त्यामुळे ‘आशीर्वाद’मधला ‘द’ अर्धाच दिसतो. छापील अक्षर अर्धं करता येत नाही आणि तसं करायचा खटाटोपही करू नये. शब्द पूर्ण छापला.

पत्राचा फोटो कवितेशेजारी छापावा का, असं मला विचारतात. मी छापत नाही. फोटो दिसला की वाचणारा ताडून पाहतो आणि कविता चित्राखालची ओळ होऊन बसते. त्याऐवजी पत्र न पाहिलेल्या कोणाला तरी कविता वाचायला द्यावी, हातात एक कोरा कागद द्यावा आणि कवितेतल्यासारखा तो दुमडायला सांगावा. घड्या तीन पडल्या आणि त्यातली उभी बरोबर मधोमध आली, तर कागद कवितेत आलाय. दोनच पडल्या, तर चूक बटव्याच्या ओळीत आहे आणि तिच्यावर पुन्हा बसायचं.