कोमट, नापास आणि कर्जदार

शाळेच्या व्याकरणात विरुद्धार्थी शब्दांची एकच यादी असते. गरम–थंड, पास–नापास, देणे–घेणे या सगळ्या जोड्या तिथे एका रांगेत बसतात. पण त्यांच्यातला विरोध एका जातीचा नाही, हे एका साध्या नकाराने कळते. पाणी गरम नाही म्हणून ते थंडच असेल असे नाही, ते कोमट असू शकते. परीक्षेला बसलेला मुलगा पास झाला नाही, तर मात्र तो नापासच. आणि एकाने दिले नाही तर त्याने घेतले, असे तर कोणीच म्हणणार नाही. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जॉन लायन्स यांनी १९६८ सालच्या आपल्या पुस्तकात ही तीन नाती वेगळी केली. मराठीत त्यांना श्रेणीय, पूरक आणि परस्परसापेक्ष विरोध म्हणता येईल.

श्रेणीय जोडीत दोन टोके असतात आणि मध्ये बरीच मोकळी जागा. म्हणून हे शब्द ‘खूप’, ‘जरा’, ‘-पेक्षा’ यांच्याबरोबर सहज येतात. त्यांचे माप ठरलेले नसते. लहान तळेसुद्धा मोठ्या बादलीपेक्षा मोठेच असते. एडवर्ड सपीर यांच्या १९४४ साली छापलेल्या निबंधाचे म्हणणे असे की, ‘मोठा’ म्हणताना मनात एक तुलना आधीच झालेली असते, ती फक्त बोलून दाखवलेली नसते.

या जोडीतली दोन टोके तोलामोलाची मात्र नसतात. भिंत ‘पाच फूट उंच’ असते, ‘पाच फूट बुटकी’ नसते. विहिरीची खोली मोजतात, उथळपणा कोणी मोजत नाही. ‘किती जुने घर?’ हा साधा प्रश्न झाला. ‘किती नवे घर?’ विचारणाऱ्याने घर नवे आहे हे आधीच धरलेले असते. एक टोक संपूर्ण मापपट्टीला आपले नाव देते आणि दुसरे आपल्या कोपऱ्यातच राहते.

एका शब्दाचा विरुद्धार्थी शब्दही एकच नसतो. ‘पातळ’च्या समोर आमटी असेल तर ‘घट्ट’ येतो, कापड असेल तर ‘जाड’. ‘घट्ट’ची गाठ झाली की समोर ‘सैल’ उभा राहतो. अमेरिकेतले जॉन जस्टेसन आणि स्लाव्हा कॅट्झ यांनी इंग्रजी विशेषणांवर नेमके हेच दाखवले: विशेषणाचा कोणता अर्थ चालू आहे, हे पुष्कळदा त्याच्या पुढच्या नामावरूनच ओळखता येते.

हे दाखवायला पुरावा लागतो, तो भाषासंग्रहाचा. भाषासंग्रह म्हणजे वृत्तपत्रे, पुस्तके, अहवाल यांतल्या प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा मोजता येईल असा साठा. ब्राउन विद्यापीठाचा संग्रह १९६१ साली अमेरिकेत छापलेल्या मजकुरातून घेतलेला असून सुमारे दहा लाख शब्दांचा आहे. जस्टेसन आणि कॅट्झ यांनी १९९१ साली त्यात विरुद्धार्थी विशेषणे एकाच वाक्यात किती वेळा भेटतात ते मोजले. ती योगायोगाने भेटली असती त्याच्या सरासरी ८.६ पट जास्त वेळा भेटत होती.

‘योगायोगाने’ म्हणजे किती, हे उदाहरणाने पाहता येईल. समजा संग्रहात ५०,००० वाक्ये आहेत. एक शब्द त्यांतल्या ५०० वाक्यांत आणि दुसरा ४०० वाक्यांत आहे. दोघांचा काही संबंध नसेल तर ते ५०० गुणिले ४००, भागिले ५०,००० म्हणजे चार वाक्यांत एकत्र सापडायला हवेत. प्रत्यक्षात ३४ वाक्ये मिळाली, तर काहीतरी ओढ आहे हे उघड आहे. पण ही ओढ विरोधाचीच असेल याची खात्री नाही. ‘लाल’ आणि ‘पिवळा’ही असेच एकत्र येतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. त्यामुळे नुसत्या आकड्यावर न थांबता वाक्याचा साचा पाहावा लागतो. स्टीव्हन जोन्स यांनी २००२ सालच्या पुस्तकासाठी ‘इंडिपेंडंट’ या ब्रिटिश वृत्तपत्रातली ३,००० वाक्ये अशी तपासली. त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक वाक्यांत जोडी दोनच कामे करत होती. एक, ‘लहानथोर सगळे आले’ यासारखा दोन्ही टोकांना कवेत घेणारा वापर. दुसरे काम जास्त चतुर आहे: ‘लोकांना जुनी गाणी आवडतात, नवे गायक नाही’ अशा वाक्यात जुने–नवे हा ओळखीचा विरोध ‘गाणी’ आणि ‘गायक’ या एरवी विरुद्ध नसलेल्या शब्दांनाही समोरासमोर उभे करतो. मराठीने पहिले काम समासातच बसवून टाकले आहे. बरेवाईट, खरेखोटे, कमीजास्त हे शब्द म्हणजे गोठलेला सहवासच.

पूरक जोडीत मधली जागा नसते: जिवंत–मृत, विवाहित–अविवाहित. तर्काने पाहता ‘खूप मृत’ असे काही नसावे. वापर मात्र इतका शिस्तीचा नसतो. बैल ‘अर्धमेला’ होतो, एखादे वर्णन ‘अतिशय जिवंत’ असते. म्हणून वर्गवारी मोडली असे नाही. दुसऱ्या उदाहरणात ‘जिवंत’चा अर्थच बदलून तो ‘रसरशीत’ झाला आहे, आणि पहिल्यातला बैल मेलेला नाहीच. त्यामुळे ‘अति’ किंवा ‘खूप’ सापडले की लगेच श्रेणीय ठरवणे ही या कामातली नेहमीची चूक. प्रत्येक वाक्य उघडून वाचण्याला पर्याय नाही.

खरी अडचण ओला–कोरडा यासारख्या जोड्यांत आहे. कपडा ‘जरासा ओला’ असेल तर तो कोरडा नाही. म्हणजे ओलाव्याला पायऱ्या आहेत, पण कोरडेपण ही त्या पट्टीची शेवटची रेघ आहे. ‘कोरडाठाक’ मधला ‘ठाक’ ती रेघ गाठल्याचे सांगतो, तर ‘ओलाचिंब’ मधला ‘चिंब’ ओलाव्याची मात्रा वाढवतो. अशी जोडी एका टोकाने श्रेणीय आणि दुसऱ्याने पूरक असते, आणि दोनपैकी एकाच खणात ती कोंबण्यात अर्थ नाही.

परस्परसापेक्ष जोडीत दोन्ही शब्द एकाच घटनेचे दोन बाजूंनी केलेले वर्णन असतात. ‘सावकाराने शेतकऱ्याला कर्ज दिले’ हे खरे असेल तर ‘शेतकऱ्याने सावकाराकडून कर्ज घेतले’ हेही खरेच. सासू–सून, काका–पुतण्या, पुढे–मागे याच घराण्यातले. प्रश्न–उत्तर मात्र नव्हे, कारण प्रश्न अनुत्तरित राहू शकतो.

इथे एकत्र येण्याची मोजणी लंगडी पडते. एकच व्यवहार एका वाक्यात दोन्ही क्रियापदांनी सांगणे ही पुनरुक्ती होते, म्हणून कोणी तसे सहसा लिहीत नाही. ‘खरेदी-विक्री’, ‘देवघेव’ अशी नामे संग्रहात भरपूर मिळतील, पण त्यांतून दुवा कळतो, उलटापालट कळत नाही. उलटापालट दिसते ती विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययांत: ‘दिले’जवळ ‘-ला’ आणि ‘घेतले’जवळ ‘-कडून’, आणि त्या दोन्ही जागी सावकार, बँक, शेतकरी अशी तीच नामे अदलाबदलीने येतात का, हे पाहावे लागते. त्यातही सावधगिरी हवी. बातम्यांतला ‘पोलिसांकडून तपास सुरू’ हा ‘कडून’ देणाऱ्याचा नसून करणाऱ्याचा आहे. तो वगळला नाही, तर पोलीस भलत्याच व्यवहारात सापडतात.