जिथे यंत्र अडखळते, तोच फोटो आधी

कपाशीच्या शेतात काठीला टांगलेला कामगंध सापळा बाहेरून साधा दिसतो. वर एक टोपी, खाली प्लास्टिकची लांब पिशवी आणि मध्ये मादी पतंगाच्या गंधाची छोटी वडी, म्हणजे ल्यूर. त्या गंधामुळे गुलाबी बोंडअळीचे नर पतंग येतात आणि पिशवीत अडकतात. सकाळी पिशवी उघडून पतंग मोजायचे. कृषी शास्त्रज्ञांनी दिलेला हिशेब असा आहे की हेक्टरी ५ सापळे लावावेत आणि सलग ३ रात्री दर सापळ्यात सरासरी ८ पतंग आढळले, तर फवारणीचा विचार करावा. त्याआधी केलेली फवारणी बहुधा वाया जाते. उशीर झाला तरी उपयोग नसतो, कारण अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते आणि मग वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. २०१७च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच वर्षी बीटी कपाशीलाही न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने विदर्भातील पीक पोखरले. गरज नसताना झालेली प्रत्येक फवारणी म्हणजे पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाच्या अंगावर आणि श्वासात जाणारे जादा विष. म्हणून ७ पतंग की ९, हा प्रश्न पिकाबरोबर आरोग्याचाही आहे.

हे मोजणे मोबाइलवर सोपवण्याचा प्रयत्न मुंबईच्या वाधवानी इन्स्टिट्यूट फॉर आर्टिफिशियल इंटेलिजन्स या संस्थेने केला आहे. सापळ्यातील पतंग कागदावर ओतायचे, फोटो काढायचा आणि मोबाइलमधील प्रणाली पतंग मोजून सल्ला देते, अशी त्यांच्या ‘कॉटनएस’ या अ‍ॅपची पद्धत आहे. फोटोतील प्रत्येक पतंग शोधून त्याभोवती चौकोन काढणाऱ्या अशा प्रणालीला डिटेक्टर म्हणतात. डिटेक्टर आपोआप शहाणा होत नाही. आधी जाणकार माणसाला फोटोंवर चौकोन काढून ‘हा गुलाबी बोंडअळीचा पतंग, हा अमेरिकन बोंडअळीचा, हा भलताच कीटक’ असे दाखवावे लागते. याला लेबल लावणे म्हणतात आणि या सगळ्या कामात सर्वात महाग पडते ते हेच.

किती महाग, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. पुढचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, ते कोणत्याही संस्थेचे नाहीत. समजा, हंगामभरात यवतमाळ, कळंब, राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा अशा तालुक्यांतून १० हजार फोटो जमले. कीटकशास्त्राच्या जाणकाराला एका फोटोवर सरासरी २ मिनिटे लागतात. म्हणजे २० हजार मिनिटे, सुमारे ३३३ तास. रोज ८ तास बसले तर जवळपास ४२ दिवस फक्त चौकोन काढण्यात जातील. तेवढ्यात बोंडे फुटून वेचणीही सुरू होईल.

पण या १० हजारांतील बहुतेक फोटो डिटेक्टरला फारसे नवे काही शिकवत नाहीत. स्वच्छ पांढऱ्या कागदावर, भर उजेडात, सुटेसुटे पडलेले पतंग त्याला पहिल्या काहीशे फोटोंनंतरच ओळखता येतात. तसाच आणखी हजारावा फोटो दाखवणे म्हणजे पाढे पाठ असलेल्या मुलाकडून बे एके बे पुन्हा घोकून घेणे. हुशार शिक्षक मूल जिथे अडखळते तेच गणित सोडवायला देतो. फोटोंच्या बाबतीत हेच करण्याला ‘अ‍ॅक्टिव्ह लर्निंग’ म्हणतात. कोणत्या फोटोला लेबल लावून हवे, हे इथे शिकणारी प्रणालीच सुचवते. कल्पना जुनी आहे. १९९४मध्ये लुइस आणि गेल या अमेरिकी संशोधकांनी मजकुराचे वर्गीकरण करताना यंत्राला सर्वात कमी खात्री असलेले मजकूर आधी माणसाला दाखवले आणि हाताने करायचे वर्गीकरण काही बाबतीत ५०० पटींपर्यंत कमी होऊ शकते, असे नोंदवले.

आता आपल्या १० हजार फोटोंकडे परत येऊ. सुरुवातीला त्यातील ३०० फोटो चिठ्ठ्या टाकल्यासारखे सरसकट निवडायचे आणि त्यांवर लेबल लावून डिटेक्टर शिकवायचा. आणखी ३०० फोटो तसेच सरसकट निवडून, लेबल लावून परीक्षेसाठी कुलूपबंद ठेवायचे. ते शिकवण्यासाठी कधीही वापरायचे नाहीत. मग कच्चा डिटेक्टर उरलेल्या सर्व फोटोंवर चालवायचा. तो प्रत्येक चौकोनाला ० ते १ दरम्यान गुण देतो. १च्या जवळ म्हणजे ‘नक्की पतंग’, ०च्या जवळ म्हणजे ‘नक्कीच नाही’ आणि ०.५च्या आसपास म्हणजे ‘काही कळत नाही’.

दोन फोटो घेऊ. पहिल्यात ९ चौकोन आहेत आणि सर्वांचे गुण ०.९७. दुसऱ्यात १० चौकोन आहेत. त्यातील ६ चौकोनांना ०.९५ गुण आहेत, पण उरलेल्या चारांना ०.४५, ०.४८, ०.५२ आणि ०.५५. अर्ध्याच्या वरचे तेवढे पतंग धरले, तर या फोटोत ८ पतंग होतात. नेमका फवारणीच्या उंबरठ्यावरचा आकडा! पण ते चार संशयित सगळे दुसरेच कीटक असतील तर खरी संख्या ६, आणि सगळे पतंग असतील तर १०. पहिला फोटो जाणकाराला दाखवून फारसे काही मिळणार नाही. दुसरा दाखवला तर चार नव्या गोष्टी शिकता येतील. म्हणून अर्ध्याच्या जवळचे गुण जिथे आहेत ते फोटो रांगेत पुढे आणायचे, त्यातील २०० निवडायचे, जाणकाराने लेबल लावायचे, डिटेक्टर पुन्हा शिकवायचा आणि पुन्हा नवी रांग लावायची.

अशा ५ फेऱ्या झाल्या की १ हजार फोटो होतात. सुरुवातीचे आणि परीक्षेचे ६०० धरून एकूण १६००. वेळ सुमारे ५३ तास, म्हणजे सात दिवसांपेक्षाही कमी. एवढ्या श्रमात १० हजार फोटोंच्या जवळपास जाणारी अचूकता मिळाली, तर पद्धत जमली. ती मिळाली की नाही, हे कुलूपबंद ३०० फोटोच सांगतात.

मात्र ‘खात्री नसलेले फोटो निवडा’ एवढाच नियम पाळला तर रांग लवकरच बिघडते. पहिली अडचण फोटोत किती पतंग आहेत याची. चौकोनांच्या शंकांची नुसती बेरीज केली, तर एकमेकांवर पडलेल्या ६० पतंगांचा फोटो दर वेळी पहिला येतो. त्यावर चौकोन काढायला वेळही सर्वाधिक लागतो. उंबरठ्याजवळचे, सात-आठ पतंगांचे फोटो मागेच राहतात. बेरजेऐवजी सरासरी घेतली किंवा फक्त सर्वात मोठी शंका धरली, तर तोल बराच सावरतो.

दुसरी अडचण हललेल्या, अंधाऱ्या फोटोंची. त्यांच्याबद्दल डिटेक्टरला कायमच शंका राहते, आणि ती रास्त असते, कारण जाणकारालाही ते ओळखता येत नाहीत. पंखांवरचे खवले झडलेला, पिशवीत कुजलेला पतंग ओळखणे तर प्रत्यक्ष पाहूनही कठीण जाते. अशा फोटोंवर अंदाजाने लेबल लावले तर डिटेक्टर चुकीचे शिकतो. म्हणून लेबल लावणाऱ्याला ‘सांगता येत नाही’ हा पर्याय द्यावा आणि तो निवडलेले फोटो रांगेतून काढून टाकावेत. एखाद्या फेरीत निम्मे फोटो असेच निघाले, तर डिटेक्टरचे अज्ञान संपून आता कॅमेऱ्याची मर्यादा आड येते आहे, हे ओळखावे. त्याचप्रमाणे एकाच सापळ्याचे एकाच सकाळी काढलेले पाच फोटो एकसारखीच शंका दाखवतात. त्यांपैकी एक घेतला तरी पुरतो. बाकीच्या जागा दुसऱ्या गावांना, वेगळ्या रंगाच्या कागदांना द्याव्यात.

तिसरी अडचण सर्वात धोक्याची आहे. डिटेक्टर चुकतो तेव्हा तो नेहमी अडखळतोच असे नाही. कधी तो ठामपणे चुकतो. वर्तमानपत्राच्या कागदावर पतंग ओतले आणि अक्षरांच्या गर्दीत पतंग त्याला दिसलेच नाहीत, तर तो एकही चौकोन काढत नाही. चौकोनच नाही, तर शंका कुठून येणार? हा फोटो कधीच रांगेत पुढे येत नाही आणि सापळा भरलेला असताना मोबाइल ‘० पतंग’ सांगत राहतो. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक फेरीतील २०० फोटोंपैकी ४० पुन्हा सरसकट निवडायचे. डिटेक्टरला ज्याची जाणीवच नाही ते अज्ञान याच चाळीसांत सापडते.

परीक्षेचे ३०० फोटो सरसकटच का निवडायचे, हेही यावरून कळते. शंकास्पद फोटोंवरच परीक्षा घेतली, तर निकाल नेहमीच्या शेताचा नसून फक्त अवघड फोटोंचा लागतो. परीक्षेत चौकोन किती जुळले यापेक्षा, आठच्या उंबरठ्याच्या कोणत्या बाजूला आकडा पडला हे पाहावे. किती फोटोंत उगाच फवारणीचा इशारा मिळाला आणि किती ठिकाणी मिळायला हवा असून मिळाला नाही, असे दोन वेगळे आकडे लिहावेत. आणखी एक ताळा घ्यावा. तेवढेच फोटो सरसकट निवडून दुसरा डिटेक्टर शिकवावा. दोघांचा निकाल सारखाच आला, तर निवडीचा सारा खटाटोप व्यर्थ गेला असे समजावे.

ही पद्धत जमली की काय घडते, याचे ठळक उदाहरण आफ्रिकेतील सेरेनगेटीच्या जंगलातून मिळते. तिथल्या कॅमेरा ट्रॅपच्या ३२ लाख फोटोंच्या संचावर नोरूझादेह आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅक्टिव्ह लर्निंग वापरले. केवळ १४,१०० लेबलांच्या बळावर, सगळ्या फोटोंवर लेबल लावून मिळालेल्या अचूकतेच्या बरोबरीला ते पोहोचले. माणसाचे काम ९९.५ टक्क्यांहून अधिक घटले. पण तिथे प्राणी शोधून देणारा डिटेक्टर आधीच तयार होता, माणसाला फक्त प्राण्याचे नाव सांगायचे होते. जेमतेम सेंटीमीटरभर लांबीच्या, एकावर एक पडलेल्या पतंगांच्या बाबतीत एवढ्या बचतीची अपेक्षा धरू नये.

शिवाय शेत दरवर्षी बदलते. नव्या हंगामात नवे मोबाइल, नवे सापळे, पिशवीत अडकणारे वेगळे कीटक येतात आणि गेल्या वर्षीची खात्री या वर्षी खोटी ठरू शकते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सापळे लागले की पहिल्या काही फोटोंवर परीक्षा पुन्हा घ्यावी लागते, आणि रांगही नव्याने लावावी लागते. तोवर मोबाइलचा आकडा आठच्या आसपास आला, तर पंप पाठीवर घेण्याआधी कागदावरचे पतंग एकदा डोळ्यांनी मोजून पाहणे बरे.