दोन नळांचं भांडण: गरम नळाने काय सांभाळायचं आणि थंड नळाने काय?

बाथरूममध्ये दोन नळ असतात, एक गरम पाण्याचा आणि एक थंड पाण्याचा. आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात. पाणी पुरेसं यायला हवं आणि ते नीट कोमट हवं. अडचण अशी की कुठलाही नळ फिरवला तरी दोन्ही गोष्टी बदलतात. गरम नळ वाढवला की पाणी तापतं, पण धारही वाढते. म्हणून थंड नळ कमी करावा, तर पाणी अजूनच तापतं.

कारखान्यात हेच काम दोन कंट्रोलर करतात. एकाच्या हातात एक व्हॉल्व्ह, दुसऱ्याच्या हातात दुसरा. मग पहिला प्रश्न येतो, कोणाला कोणता व्हॉल्व्ह द्यायचा? चुकीची जोडी लावली तर दोघं एकमेकांचं काम बिघडवत बसतात, आणि आकडे वर-खाली हेलकावत राहतात.

याचं उत्तर १९६६ साली एडगर ब्रिस्टल या इंजिनिअरने दिलं. त्याच्या पद्धतीचं नाव रिलेटिव्ह गेन अ‍ॅरे, थोडक्यात आरजीए. नाव जड आहे, पण कल्पना नळावरच समजते.

समजा गरम पाणी ६० अंशांचं आहे आणि थंड २० अंशांचं. आपल्याला मिनिटाला १० लिटर पाणी हवंय, ३० अंशांचं. त्यासाठी २.५ लिटर गरम आणि ७.५ लिटर थंड पाणी लागतं.

आता गरम नळ १ लिटरने वाढवा आणि थंड नळाला हात लावू नका. धार १ लिटरने वाढली. मग तोच प्रयोग पुन्हा करा, पण या वेळी थंड नळावर असा माणूस बसवा जो काहीही झालं तरी तापमान ३० वरच ठेवतो. गरम १ लिटर वाढलं की त्याला थंड ३ लिटर वाढवावं लागतं. म्हणजे धार एकूण ४ लिटरने वाढली. एकट्याचा परिणाम १, दुसरा जागा असताना ४. भागाकार ०.२५. हाच आरजीएचा आकडा.

थंड नळाने धार सांभाळायची ठरवली तर? थंड १ लिटर वाढवलं की तापमान टिकवायला गरम फक्त एक तृतीयांश लिटर वाढवावं लागतं. १ भागिले १.३३, म्हणजे ०.७५. आकडा १ च्या जितका जवळ, तितकी दुसऱ्याची लुडबुड कमी. म्हणजे धार थंड नळाकडे आणि तापमान गरम नळाकडे. जास्त पाणी ज्या नळातून येतं, त्याने धार सांभाळायची.

पण ५० अंशांचं पाणी हवं असेल तर सगळं उलटं होतं, कारण तेव्हा गरम पाणी जास्त लागतं. आणि ४० अंशांना दोन्ही आकडे ०.५ येतात! तिथे कुठलीही जोडी लावा, सारखाच त्रास.

अशा वेळी डीकपलर लावतात. म्हणजे एक व्हॉल्व्ह हलला की दुसऱ्यालाही आधीच ठरलेल्या प्रमाणात हलवायचं. आपल्या ३० अंशांच्या उदाहरणात थंड १ लिटर वाढलं की गरम आपोआप ०.३३ लिटर वाढवा, तापमान जागचं हलत नाही. आणि गरम १ लिटर वाढलं की थंड १ लिटर कमी करा, धार तेवढीच राहते.

खरी भीती आकडा उणे येण्याची असते. वुड आणि बेरी यांनी १९७३ साली मांडलेलं मिथेनॉल आणि पाणी वेगळं करणाऱ्या कॉलमचं मॉडेल या विषयातलं नेहमीचं उदाहरण आहे. तिथे दोन हत्यारं आहेत: वरून परत सोडलेला द्रव, म्हणजे रिफ्लक्स, आणि खालून दिलेली वाफ. रिफ्लक्सने वरची शुद्धता सांभाळली तर आकडा साधारण २ येतो, चालतं. वाफेने वरची शुद्धता सांभाळायला गेलं तर तो उणे १ येतो.

उणेचा अर्थ काय? एकटी वाफ वाढवली तर वरचं मिथेनॉल कमी होतं. पण खालचा कंट्रोलर चालू असेल तर तो रिफ्लक्स इतका वाढवतो की वरचं मिथेनॉल उलट वाढतं. दिशाच फिरते. दोन्ही कंट्रोलर चालू असताना सगळं नीट बसवलेलं असतं, मग ऑपरेटर एखाद्या दिवशी खालचा कंट्रोलर मॅन्युअलवर टाकतो आणि वरचा चुकीच्या दिशेने ढकलत सुटतो. म्हणून उणे आकड्याची जोडी टाळतात.

आरजीएला एक गोष्ट मात्र दिसत नाही, ती म्हणजे वेळ. हे सगळे आकडे पाणी स्थिरावल्यानंतरचे आहेत. गीझर लांब असेल आणि गरम पाणी यायला अर्धा मिनिट लागत असेल, तर ०.७५ वाली जोडीही रेंगाळते. डीकपलरचं तेच: थंड पाणी लगेच वाढतं, भरपाईचं गरम पाणी मात्र अजून पाइपातच असतं.