पीडीएफ विकायचीय? आधी झेरॉक्सवाल्याकडे जा!

सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोडिंग आणि वीकेण्डला यूट्यूबवर दहावीचं बीजगणित, असं माझं डबल लाइफ. व्हिडिओला व्ह्यूज बरे, पण जाहिरातींचे पैसे म्हणजे महिन्याचा चहा. म्हटलं, सोबत नोट्स विकू. तब्बल ६४ रंगीत पानं, काळ्या पाटीवर खडूने लिहिल्यासारखी. किंमत १४९ रुपये. एकदम झकास!

अकरा प्रती खपल्या आणि एका पोराचा मेसेज आला : ‘सर, आमच्या ग्रुपवर तुमच्या नोट्स आल्यात. पान ४१ वरचं उत्तर चुकलंय.’ म्हणजे फुकट वाचून वर चूकही काढली! चूक खरीच होती, आणि वाटून झालेली पीडीएफ परत थोडीच बोलावता येते?

दुसरा फटका एका आईचा. त्यांनी प्रिंट काढायला नेली, तर दुकानदाराने पानाला १० रुपये सांगितले. म्हणजे ६४० रुपये! शिवाय काळी पाटी छापताना शाई खाते आणि कागद ओला होतो, ते वेगळंच.

मग मी स्वतः झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसलो. पोरं नोट्स फारशा छापत नव्हती, सरावाचे कागद छापत होती. साहजिकच आहे, समजावून सांगायला व्हिडिओ आहेच की. कमी पडते ती हाताने सोडवायची जागा.

आता मी एका धड्याची आठ पानी वर्कशीट विकतो. ४९ रुपये, ब्लॅक अँड व्हाइट, चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर मोकळं, नाहीतर प्रिंटर कडेच्या ओळी कापतो. गेटवेची २ टक्के फी आणि त्यावरचा जीएसटी वजा जाता हातात ४७ रुपये ८४ पैसे पडतात. फाइल वर्डमध्ये कधीच देऊ नका. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर वेलांट्या भलतीकडेच जातात. पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड करायचा.

वर्गसमीकरणांच्या शीटमध्ये पहिलं गणित पूर्ण सोडवलेलं असतं. दुसऱ्यात x² − 7x + 12 = 0 देऊन खाली x² − __x − __x + 12 = 0 एवढंच. पोराने ३ आणि ४ भरले की अवयव त्याचे त्यालाच दिसतात. तिसऱ्यात नुसता कोरा कागद. आणि हो, गणितं आपली स्वतःची हवीत. पुस्तकातली उचलून विकणं म्हणजे कॉपीराइटचा भंग.

उत्तरं मात्र शीटमध्ये नाहीत. प्रत्येक पानावर क्यूआर कोड आहे, तो थेट माझ्या व्हिडिओवर नेतो. उत्तर चुकलं तर व्हिडिओखाली दुरुस्ती पिन करता येते. तळाला घेणाऱ्याचं नाव छापतो, त्यामुळे फॉरवर्ड कमी झालेत, थांबलेले नाहीत. पण आता फुकट्यालाही उत्तर हवं तर चॅनलवर यावंच लागतं.

पान ४१ वाला परवा पुन्हा आला होता. या वेळी ४९ रुपये भरून!