कढईभोवती (९) : शंकरपाळीतलं पाणी

चिरोट्यांच्या पदरांबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या खेपेवर ढकलतो आहे. मागच्या लेखात ‘शंकरपाळ्या मध्यम आचेवर तळाव्यात’ एवढं एक वाक्य लिहून मी पुढे गेलो होतो, आणि नेमकं तिथेच एका वाचक भगिनीने बोट ठेवलं आहे. त्यांच्या शंकरपाळ्यांना रंग हवा तसा आला होता, संध्याकाळी त्या कुरकुरीत लागत होत्या, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या होत्या, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मऊ पडल्या. ‘डबा बदलू की तेल?’ असं त्या विचारतात. यात दोष डब्याचा नाही आणि तेलाचाही नाही. दोष आचेचा आहे, आणि तो लपून राहिला तो रंग चांगला आल्यामुळेच.

मऊ पडलेल्या फराळाला आपण सरसकट ‘सादळला’ म्हणतो आणि हवेला दोष देतो. पण डबा बंद असताना पाणी येणार कुठून? ते शंकरपाळीच्या पोटातच होतं. बाहेरचं कवच कोरडं आणि मधला भाग ओलसर, अशा अवस्थेत ती कढईतून निघाली. पुढच्या काही तासांत मधलं पाणी हळूहळू बाहेरच्या कोरड्या भागाकडे सरकलं आणि सगळीकडे सारखं पसरलं. एकूण पाणी थेंबभरही वाढलं नाही, तरी कवच मऊ झालं. साखर स्वतः हवेतली ओल ओढते, कोकणात पावसाळी हवेत उघड्या ताटात ठेवलेल्या शंकरपाळ्या तासाभरात चिकट होतात, हे खरंच आहे. पण हे दोन दोष वेगळे ओळखता येतात. हवेने सादळतात त्या आधी डब्यातल्या वरच्या थरातल्या आणि बोटांना चिकट लागतात. आतल्या पाण्याने मऊ होतात त्या आधी जाड असलेल्या, मग त्या डब्याच्या तळाशी असोत नाहीतर वर. पातळ लाटल्या गेलेल्या तेवढ्या कुरकुरीत उरल्या असतील, तर हवेचं नाव घ्यायचं कारण नाही.

हे पाणी असतं तरी किती? वाटीभर दूध, वाटीभर साखर, वाटीभर तूप आणि मावेल तेवढा मैदा हे घरोघरचं प्रमाण. ते थोडं तूप कमी करून वजनात मांडू: १२५ ग्रॅम दूध, १२५ ग्रॅम साखर, १०० ग्रॅम तूप, ४०० ग्रॅम मैदा, म्हणजे पाऊण किलो पीठ. दुधात जवळजवळ १०९ ग्रॅम पाणी असतं. मैदा हाताला कोरडा लागला तरी त्यात शेकडा १३ च्या आसपास ओल असतेच, ते झालं ५२ ग्रॅम. एकूण १६० ग्रॅमच्या घरात, म्हणजे पिठाच्या पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त. शंकरपाळी कुरकुरीत राहायची तर यातलं अगदी थोडं, वीसेक ग्रॅमच, आत उरलेलं चालेल. बाकीचं सुमारे १४० ग्रॅम, म्हणजे चहाचा एक मोठा कप पाणी, त्या छोट्या चौकटींच्या पोटातून वाफ होऊन बाहेर पडायला हवं. तळणीतले बुडबुडे ते हेच. तेल उकळत नसतं, उकळत असतं ते पिठातलं पाणी.

शंकरपाळी तळताना दोन कामं एकाच वेळी चाललेली असतात: पाणी जाणं आणि रंग येणं. रंग येतो तो पृष्ठभागावर. दुधातली साखर आणि पीठ-दुधातली प्रथिनं यांचा तापलेल्या कोरड्या पृष्ठभागावर संयोग होतो आणि तपकिरी रंग व खमंग वास तयार होतो. लुई-कामीय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली याचं वर्णन केलं, म्हणून या क्रियेला त्याचं नाव आहे. ताप वाढला की ही क्रिया झपाट्याने वेग घेते. पाण्याचं तसं नाही. ते मधल्या भागातून बाहेर यायला पिठातूनच वाट काढावी लागते, आणि जोवर आत पाणी आहे तोवर बाहेर तेल कितीही कडक असलं तरी पोटातला ताप शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतो. म्हणून आच वाढवली की रंगाचा वेग खूप वाढतो आणि पाणी जाण्याचा वेग त्या मानाने थोडाच. मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटांत सोनेरी झालेली शंकरपाळी आतून अर्धवट ओली असते. तेल दीडशे ते एकशे साठ अंशांवर राहिलं, तर चार मिलिमीटर जाडीच्या शंकरपाळीला तोच रंग यायला सहा-सात मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात आतलं पाणीही निघून जातं. मध्यम आचेचं प्रयोजन एवढंच आहे: दोन्ही कामं एकदमच संपावीत.

रंग एकसारखा येतो तोही याच कारणाने. झाऱ्यावरून सोडताना पहिली आणि शेवटची शंकरपाळी यांत दहा सेकंदांचं अंतर पडतंच. तळणी दीड मिनिटात उरकणार असेल तर ती दहा सेकंद डोळ्यांना दिसतात. सात मिनिटांच्या तळणीत त्यांचा मागमूस राहत नाही. शंकरपाळी तरंगते, तिची वरची बाजू तेलाबाहेर असते. मंद चाललेल्या तळणीत ती उलटायला सवड मिळते. मात्र जाडीतला फरक आच मिटवू शकत नाही. जाडी दुप्पट झाली की पाणी निघायला लागणारा वेळ दुपटीहून बराच जास्त, जवळजवळ चौपट होतो. म्हणून पोळी मध्ये जाड आणि कडेला पातळ लाटली गेली असेल, तर कातण फिरवल्यावर कडेच्या आणि मधल्या शंकरपाळ्या वेगवेगळ्या घाण्यांत तळाव्यात. मला हे दर वेळी सांगावंसं वाटतं, कारण अर्धी दुरंगी तळणी लाटण्यातूनच आलेली असते.

आता मध्यम आचेवरचा नेहमीचा आक्षेप: ‘कमी आचेवर तळलं की तेल पितं.’ यात तथ्य आहे, पण ते अगदी थंड तेलापुरतं. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर पृष्ठभाग घट्ट धरण्याआधीच मोहनाचं तूप वितळून बाहेर येतं, साखर सुटते आणि शंकरपाळी तेलात विरघळू लागते. मोहन सढळ असेल तर कढईच्या तळाशी नुसता चुरा उरतो. दीडशे अंशांचं तेल मात्र पुरेसं गरम असतं. वाफ जोराने बाहेर येत असते तोवर ती तेलाला आत शिरू देत नाही. तेल मुख्यतः आत जातं ते झारा बाहेर काढल्यानंतर, गार होताना आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल छिद्रांतून ओढून घेते तेव्हा. त्यामुळे तेल कमी हवं असेल तर तळण्याची मिनिटं कमी करून फार साधत नाही. झारा कढईवरच थोडा धरून तेल गरम असतानाच निथळू द्यावं आणि शंकरपाळ्या लगेच कागदावर पसराव्यात.

दुसरा आक्षेप असा की शेगडीचं बटण तर मध्यमवरच होतं, मग पहिला घाणा पांढरट आणि तिसरा काळपट का? कारण आच म्हणजे तेलाचा ताप नव्हे. पाण्याची वाफ करायला, तेवढंच पाणी शून्यापासून उकळेपर्यंत तापवायला लागते त्याच्या पाचपटीहून अधिक उष्णता लागते, आणि ही उष्णता द्यायचं काम तेलाला करावं लागतं. शंभर ग्रॅम शंकरपाळ्यांतलं पाणी उडवताना, खालची आच बंद असेल तर, एक लिटर तेलाचा ताप वीसेक अंशांनी उतरेल. म्हणून मोठा घाणा पडला की तेच बटण ‘मंद’ होतं, आणि दोन घाण्यांच्या मधे, नवी पोळी लाटेपर्यंत, तेच बटण ‘प्रखर’ होतं. तेव्हा एका लिटरमागे फार तर दीडशे ग्रॅमचा घाणा घ्यावा, शंकरपाळ्या सोडताना आच किंचित वाढवावी, बुडबुडे स्थिरावले की उतरवावी आणि घाणा काढल्याबरोबर आणखी खाली आणावी. पोळ्या आधीच लाटून, कापून, कापडाखाली झाकून ठेवल्या तर मधला रिकामा वेळच उरत नाही. ताप बघायला एक तुकडा सोडावा. तो क्षणभर तळाशी थांबून बारीक बुडबुड्यांसकट सावकाश वर आला की तेल बरोबर. टाकताक्षणी उसळून वर आला आणि लगेच रंगला तर थांबावं. तळाशीच बसून राहिला तर अजून तापू द्यावं.

आणि काढायचं कधी? इथे रंगापेक्षा बुडबुड्यांवर भरवसा ठेवावा असं माझं ठाम मत आहे. सुरुवातीला ते मोठे आणि खळखळते असतात, मग बारीक आणि विरळ होतात, आवाज उतरतो. आवाज जवळजवळ बसला की पाणी गेलं. रंग मात्र हव्या त्या छटेच्या किंचित अलीकडेच असताना काढावं, कारण बाहेर आल्यावरही तापलेला पृष्ठभाग थोडा गडद होतो. रंगावर विसंबणं किती फसवं असतं ते आषाढातल्या कापण्या दाखवतात. कणीक मुळातच तांबूस, त्यात गूळ. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आयतेच असतात, आणि ते साध्या साखरेपेक्षा कितीतरी लवकर रंग धरतात. शंकरपाळीच्या आचेवर कापण्या तळल्या तर तीन मिनिटांतच ‘झाल्या’ असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी त्या चिवट लागतात. त्यांना आणखी उतरती आच हवी आणि कान बुडबुड्यांकडे हवा. वर खसखस लावलेली असेल तर ती सुटून तळाशी जळते, तेव्हा दर दोन घाण्यांनंतर तेल गाळून घ्यावं. मैद्याच्या पिठीचंही तेच: पोळीवरची जास्तीची पिठी झटकली नाही तर तिसऱ्या घाण्यावर काळे ठिपके दिसू लागतात.

पत्र पाठवणाऱ्या भगिनींच्या डब्यातल्या शंकरपाळ्या टाकून द्यायची गरज नाही. पुन्हा तळू मात्र नयेत, रंग लगेच पुढे जाईल. ओव्हन असेल तर ११० ते १२० अंशांवर, एका थरात पसरून, पंधरा-वीस मिनिटं ठेवाव्यात. एवढ्या तापावर रंग जवळपास बदलत नाही, पण पाणी निघून जातं. काढल्याकाढल्या एखादी मोडून बघितली तर ती मऊच लागेल, कारण गरम असताना साखर आणि तूप दोन्ही सैल असतात. अर्धा तास गार होऊ द्यावी, मग डब्यातली सगळ्यात जाड शंकरपाळी निवडून मधोमध मोडावी. आवाज होऊन तुटली आणि मधे पिठूळ, दमट रेघ दिसली नाही, तर बाकीच्याही झाल्या.