बापू, हेंचर्ड आणि गावचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत एम. ए.च्या तौलनिक साहित्याच्या पेपरसाठी एक मराठी आणि एक इंग्रजी ग्रामीण कादंबरी घ्यायची झाली, की पहिलं नाव निघतं ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’चं, आणि त्याच्या जोडीला टॉमस हार्डी. ही जोडी मराठी समीक्षेत जुनी आहे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीत १९१३ साली जन्मलेल्या पेंडशांनी हर्णै-दापोलीचा परिसर मराठी कादंबरीत आणला. हार्डीने डॉर्सेटचा ‘वेसेक्स’ केला. दोघांकडे निसर्ग आहे, दोघांकडे नियती आहे, दोघांची माणसं हट्टी आहेत. निबंधातली पहिली चार पानं इथेच भरतात, आणि बहुतेक निबंध इथेच थांबतात. माझं म्हणणं असं, की या दोन कादंबऱ्यांची खरी गाठ पडते ती पैशापाशी आणि गावच्या सत्तेपाशी. समुद्र आणि माळरान यांची तुलना त्यानंतर करावी.

दुसऱ्या जोड्याही आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि कमला मार्कंडेय यांची ‘नेक्टर इन अ सिव्ह’ (१९५४) जवळपास एकाच वेळच्या. राजा राव यांची ‘कांतापुरा’ (१९३८) घेतली तर गावच्या म्हातारीने सांगितलेल्या कथेची निवेदनपद्धती तपासता येते. पण पहिल्याच प्रयत्नात शिकायचं असेल, तर ‘बापू’समोर हार्डीची ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ (१८८६) ठेवावी. ‘टेस’ जास्त प्रसिद्ध असली, तरी बापूशी बोलू शकेल असा माणूस ‘मेयर’मध्ये आहे.

तो माणूस म्हणजे मायकेल हेंचर्ड, गवताच्या पेंढ्या बांधणारा मजूर. वेडन-प्रायर्सच्या जत्रेत दारूच्या भरात तो बायको आणि मुलगी एका खलाशाला पाच गिनींना विकतो. शुद्धीवर आल्यावर एकवीस वर्षं दारू न पिण्याची शपथ घेतो. पुढच्या प्रकरणांत अठरा वर्षं उलटलेली असतात आणि तो कॅस्टरब्रिजचा महापौर, धान्याचा बडा व्यापारी झालेला असतो. त्याचा उत्कर्ष आपल्याला दिसतच नाही. दिसते ती घसरण. पेंडशांनी उलट केलं आहे. गावाने वाया गेलेला ठरवलेला पोरगा आपल्या डोळ्यांसमोर वाढतो आणि त्याच गावाला त्याची दखल घ्यावी लागते. एक कादंबरी शिखरावरून खाली येते, दुसरी पायथ्यापासून वर चढते. हा फरक निबंधात एका वाक्यात सांगून पुढे जाऊ नये, कारण ‘असं का?’ या प्रश्नाचं उत्तर अर्थव्यवहारात आहे.

हेंचर्ड बुडतो कसा, ते हार्डीने टप्प्याटप्प्याने दाखवलं आहे. फारफ्रे हा तरुण स्कॉटिश माणूस सगळा व्यवहार कागदावर मांडतो. हेंचर्डचा हिशेब तोंडी आणि आठवणीतला. फारफ्रेला शह देण्यासाठी तो हवामान सांगणाऱ्या एका भगताकडे जातो. सुगी पावसात जाईल असं भगत सांगतो, म्हणून हेंचर्ड भरमसाट धान्य घेऊन ठेवतो. मग ऊन पडतं, भाव कोसळतो. घाबरून तो तोट्यात विकतो, आणि विकून झाल्यावर खराच पाऊस येतो. ही कथा कॉर्न लॉज रद्द होण्याच्या (१८४६) आधीची आहे. बाहेरचं धान्य मोकळेपणाने येत नव्हतं, म्हणून त्या भागाचं पीक आणि भाव एकाच पावसावर टांगलेले असत. ‘नियती’ असा शेरा मारण्याआधी विद्यार्थ्याने हे पाहावं. हेंचर्डची नियती बरीचशी बाजारभावाच्या रूपाने येते.

आता गारंबी. तिथे धान्याचा बाजार नाही, खोत आहे. खोतीत कूळ भाताचा वाटा खोताला घालत असे. अर्धेल असेल तर निम्मा, तिर्धेल असेल तर तिसरा हिस्सा. त्यात वेठही असे. शिवाय शेतसारा सरकारात भरणारा तोच, त्यामुळे गावात त्याचा शब्द खाली पडत नसे. अशा गावात जमिनीवर राबून कोणी खोतापेक्षा मोठा होत नाही, कारण उत्पन्न वाढलं की खोताचा वाटाही वाढतो. बापूला वर यायला सुपारीचा व्यापार लागतो तो यासाठी, असं मी वाचतो. सुपारीचं झाड धरायला पाच-सात वर्षं लागतात, पण माल वाळवून साठवता येतो आणि रोख पैशाने व्यापाऱ्याला जातो. रोखीचा पैसा अर्धेलीच्या मापात मोजला जात नाही. बापूचा चढता आलेख त्याच्या स्वभावाइतकाच या वाटेने झाला आहे. अण्णा खोतांशी त्याचा संघर्ष दोन माणसांचा आहेच, शिवाय तो वाट्यावर चाललेल्या आणि रोखीवर चाललेल्या अशा दोन हिशेबांचाही आहे.

इथे एक तारीख विसरू नये. मुंबई सरकारने खोती नाहीशी करण्याचा कायदा १९४९ साली केला, आणि कादंबरी १९५२ सालची. पेंडसे नुकत्याच मोडलेल्या व्यवस्थेकडे मागे वळून पाहत होते, तेही मुंबईत ‘बेस्ट’ची नोकरी करत. हार्डी लिहीत होता तो चाळीस-एक वर्षांपूर्वीच्या गावाबद्दल, पण डॉर्चेस्टरला राहायला परत येऊन. दोघांचंही गाव स्मरणातलं आहे. ‘तंतोतंत वास्तव’ हा शब्द वापरताना हात आखडावा.

दुसरी गाठ शिक्षेची. कॅस्टरब्रिजमध्ये ल्युसेटा आणि हेंचर्ड यांच्या जुन्या संबंधाचा गवगवा होतो, तेव्हा खालच्या वस्तीतले लोक दोघांचे पुतळे गाढवावर पाठीला पाठ लावून मिरवतात. ते पाहून ल्युसेटा कोसळते आणि मरते. कोकणात गाव हेच काम वाळीत टाकून करतं, आणि राधेशी लग्नाशिवाय नातं जोडणाऱ्या बापूभोवती गावाचा रोष घट्ट होतो. साम्य दिसलं की विद्यार्थी खूश होतात. पण इंग्लंडमधली धिंड एका रात्रीची, गोंगाटाची, आणि तिच्यामागे गरिबांचा वरच्यांवरचा रागही आहे. वाळीत टाकणं मूकपणे, वर्षानुवर्षं चालतं आणि ते वरून खाली येतं. त्याची मुळं इतकी खोल, की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. २०१६ सालचा तो कायदा २०१७ मध्ये लागू झाला, आणि त्याच्या चर्चेत रायगड-रत्नागिरीतल्या गावकीची प्रकरणं होती. रत्नागिरीचा विद्यार्थी हे पुस्तकाबाहेरूनही जाणतो. त्याने ते निबंधात जरूर आणावं, मात्र आजचं प्रकरण कादंबरीवर लादू नये.

भाषेच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते. ‘बापू’चं इयन रेसाइड यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९६८ साली आलं. पेपर इंग्रजीत लिहायचा म्हणून उतारे तिथून घेतले जातात, आणि मग हार्डीच्या मूळ डॉर्सेट बोलीसमोर भाषांतरित संवाद ठेवून ‘हार्डीची बोली अधिक जिवंत’ असा निष्कर्ष निघतो. असा निबंध मी परत करतो. संवादांची तुलना करायची तर मराठी मूळ समोर हवं. त्यात निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसं आपल्या बोलीत, ही रचना हार्डीसारखीच आहे हे तेव्हाच दिसतं. एवढ्यावरून पेंडशांवर हार्डीचा प्रभाव सिद्ध झाला असंही म्हणू नये. प्रभाव दाखवायला लेखकाची पत्रं, मुलाखती, वाचनाच्या नोंदी लागतात. त्या नसतील तर ‘समांतर’ असं स्पष्ट लिहावं. त्यात कमीपणा नाही.

शेवटी बायका. सूझन विकली जाते, ल्युसेटा धिंडीने मरते, आणि शेवटचा विचार हार्डी एलिझाबेथ-जेनकडे सोपवतो. हेंचर्ड मात्र माळावरच्या झोपडीत मरतो, सोबत फक्त एबल व्हिटल, ज्याला त्याने एकदा अर्ध्या कपड्यांत कामावर हाकललं होतं. बापूच्या कथेत राधेला इतकी जागा मिळाली का, हा प्रश्न निबंधात विचारलाच पाहिजे. पेंडशांनाही तो पुरता सुटलेला वाटला नसावा. अनेक दशकांनंतर त्यांनी ‘गारंबीची राधा’ लिहिली. १९५२च्या पुस्तकावर थांबलेल्या निबंधात राधा अर्धीच येते, तेव्हा पेपरला हात घालण्याआधी हे दुसरं पुस्तकही वाचून घ्यावं.