७.९ की ८?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात, ज्याला कचेरीत सगळे ‘अपार’ म्हणतात, साहेब १ ते १० मध्ये गुण देतात. प्रत्यक्ष झालेल्या कामाला वेटेज ४० टक्के, व्यक्तिमत्त्वाला ३० आणि कामासाठी लागणाऱ्या क्षमतांना ३०. एकूण गुण ८ किंवा जास्त असले तर ‘उत्कृष्ट’, ६ ते ८ च्या आत असले तर ‘अतिशय चांगला’.

समजा, एकाला कामासाठी ७, व्यक्तिमत्त्वासाठी ८ आणि क्षमतांसाठी ९ गुण मिळाले. अहवालाच्या तळाशी एकूण ८ लिहिलेत. तीन आकड्यांची सरासरी ८ च येते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पण वेटेज लावून बघा: ७ चे ४० टक्के २.८, ८ चे ३० टक्के २.४, ९ चे ३० टक्के २.७. बेरीज ७.९. फरक एक दशांशाचा, शेरा मात्र बदलला!

चूक कशी झाली, हे त्या ८ वरूनच ओळखता येतं. वेटेज न लावता बेरजेला सरळ तीनने भागलं की नेमका हाच आकडा येतो. जुळत नसलेला आकडा अशा नेहमीच्या चुकांनी मुद्दाम काढून पाहावा. ज्या चुकीने तो तंतोतंत निघतो, तिच्यावर पहिला संशय. संशयच, पुरावा नव्हे. पुनर्विलोकन करणाऱ्या अधिकाऱ्याने एखादा गुण वाढवला आणि तो विभागाच्या रकान्यात चढवायचा राहिला, असंही असू शकतं. म्हणून आधी मूळ गुण पक्के करावेत, मगच बेरजेला हात घालावा.

खासगी कंपन्यांच्या एक्सेल शीटमध्ये वेगळाच घोटाळा सापडतो. वर्षाच्या मध्यात एखादं नवं उद्दिष्ट १० टक्क्यांनी जोडलं जातं, जुन्यांचं वेटेज कमी करायचं राहून जातं आणि बेरीज ११० होते. प्रत्येक उद्दिष्टाला ५ पैकी ४ असूनही एकूण ४.४ दिसतात. एकूण गुण सर्वांत मोठ्या गुणापेक्षा जास्त किंवा सर्वांत लहान गुणापेक्षा कमी निघाले, तर कॅल्क्युलेटर न काढताही गडबड आहे हे समजावं. त्या वेळी ४.४ ला १.१ ने भागून मोकळं होऊ नये. ते दहा टक्के कुठून कापायचे, हे साहेबांनी आणि कर्मचाऱ्याने मिळून ठरवायचं असतं. गुण वेगवेगळे असतील तर त्यावरच निकाल फिरतो.

या तपासणीतून हिशेब कळतो. कामाला ७ च का दिले, ते कळत नाही. तो वाद वेगळा मांडावा लागतो.

‘अपार’ची प्रत हातात आल्यापासून निवेदन द्यायला १५ दिवस मिळतात. हिशेबाची चूक असेल तर निवेदनात तीन गुणाकार आणि एक बेरीज लिहावी आणि कोणता आकडा कोणत्या रकान्यातून घेतला ते नोंदवावं.